सक्षम प्राधिकारी कुठे बसतात?

‘पात्र कर्मचाऱ्यांना, कामाच्या स्वरूपानुसार व आवश्यकतेनुसार, सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने घरून काम करण्याची मुभा देण्यात येऊ शकेल.’

वाचलंत? वाक्य वजनदार आहे. खाली गोल शिक्का मारला की भिंतीवर शोभूनही दिसेल.

अडचण एवढीच की हे वाचून जाफराबादेतल्या माणसाला सोमवारी सकाळी जालन्याची एसटी धरायची की घरीच लॅपटॉप उघडायचा, ते कळत नाही. नोटीस नेमकी तेवढंच सांगण्यासाठी काढलेली असते.

एकेक शब्द दाबून बघा. पात्र म्हणजे कोण? स्वरूप कुणी बघायचं? आवश्यकता कुणाची, कंपनीची की कर्मचाऱ्याची? सक्षम प्राधिकारी कोणत्या टेबलावर बसतात? आणि शेवटचं ते ‘येऊ शकेल’. म्हणजे पात्र असूनही मिळणार नाही, असं सांगायची सभ्य पद्धत.

लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही, असा गैरसमज नको. त्याला उत्तम लिहिता येतं. साहेबांनी सांगितलेलं असतं, ‘जरा मोकळं ठेवा.’

मोकळं ठेवलेल्या जागेत पुढे काय येतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आधी ओळख येते. मग रुसवा येतो.

कायद्यानेच हा कित्ता घालून दिलाय, असंही म्हणता येईल. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली, त्याचे पेढे वाटले गेले. त्याच दुरुस्तीत कलम ५(५) आलं. त्याचा मथितार्थ असा: काम घरून करता येण्याजोगं असेल, तर रजा संपल्यावर मालक त्या बाईला घरून काम करू देऊ शकतो, किती काळ आणि कोणत्या अटींवर, ते दोघांनी आपसात ठरवावं.

‘आपसात’ हा शब्द गोड आहे. एका बाजूला कंपनी, दुसऱ्या बाजूला तान्हं बाळ मांडीवर घेतलेली कर्मचारी. घ्या ठरवून.

पुढे बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेतल्या कर्मचारी महिलेचं प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. संस्था म्हणाली, आमचं काम संवेदनशील, ते घरून होत नाही. कलमाचा लाभ कामाचं स्वरूप तसं असेल तरच, असं न्यायालयाने सांगितलं. चूक काय त्यात? कलमात तेच लिहिलंय. पण स्वरूप आधी कुणी ठरवायचं, किती दिवसांत, आणि नकार कागदावर द्यायचा की नाही, हे मात्र कलमात नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं उतरलंय.

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये राज्यांना सल्ला दिला, की स्तनदा मातांना मूल वर्षाचं होईपर्यंत, जिथे कामाचं स्वरूप परवानगी देईल तिथे, घरून काम द्यायला प्रोत्साहन द्यावं. परत स्वरूप!

मग सरकारला स्पष्ट लिहिताच येत नाही का? येतं की. फक्त घाई असावी लागते.

१९ मार्च २०२०. टाळेबंदी अजून जाहीर व्हायची होती. केंद्राच्या कार्मिक विभागाने एक ज्ञापन काढलं. गट ‘ब’ आणि ‘क’मधल्या निम्म्या कर्मचाऱ्यांनी रोज कार्यालयात यायचं, उरलेल्या निम्म्यांनी घरून काम करायचं. साप्ताहिक पाळीपत्रक विभागप्रमुखाने करायचं. पहिल्या आठवड्याला शक्यतो कार्यालयाजवळ राहणारे किंवा स्वतःच्या वाहनाने येणारे घ्यायचे. अत्यावश्यक सेवेतल्यांना हे लागू नाही. मुदत ४ एप्रिलपर्यंत. कोण, किती, कुणी ठरवायचं, कोण वगळलेले, कधीपर्यंत. पाचही उत्तरं जागेवर होती.

जीव मुठीत असला की ‘यथोचित’ आपोआप गळून पडतं.

दुसरं उदाहरण जाफराबादच्या पोरांच्या जास्त ओळखीचं. करोनात पुण्याची खोली सोडून गावी आलेले किती तरी जण ओट्यावर लॅपटॉप मांडून हिंजवडीचं काम करत होते. त्यातल्या ज्यांची कंपनी विशेष आर्थिक क्षेत्रात होती, त्यांच्यासाठी जुलै २०२२ मध्ये नियम आला: ४३अ. घरून काम कुणाला? माहिती तंत्रज्ञान आणि त्यावर आधारलेल्या सेवांमधले कर्मचारी, तात्पुरते असमर्थ झालेले, प्रवासात असलेले, आणि बाहेरच्या जागी काम करणारे. किती जणांना? कंत्राटी धरून एकूण कर्मचाऱ्यांच्या निम्म्यांना. किती काळ? एक वर्ष. निम्म्याहून जास्त हवे असतील तर? विकास आयुक्त ठरवतील, आणि कारण लेखी नोंदवतील.

कारण लेखी नोंदवतील! मराठी नोटिशीत हे वाक्य शोधून दाखवा.

हिंजवडीतल्या या क्षेत्रांचे विकास आयुक्त बसतात अंधेरीच्या सीप्झमध्ये. म्हणजे ओट्यावरच्या पोराचं भवितव्य अंधेरीत ठरणार. हरकत नाही. लांब का होईना, खुर्ची ठाऊक आहे.

पण या नियमातही एक फट आहेच. निम्मे म्हणजे कोणते निम्मे? शंभरांतून पन्नास कुणी निवडायचे? नियमाने ते कंपनीवर सोडलं आणि कंपनीने टीम लीडरवर. तो मराठी असेल तर मग संपलंच: ‘बघू.’ पुढे डिसेंबर २०२२ मध्ये शंभर टक्क्यांना मुभा मिळाली आणि प्रश्न तेवढ्यापुरता मिटला.

सुटला नाही. मिटला.

आता एक नोटीस आपणच लिहू. समजा, जालन्यातली एक बियाणे कंपनी आहे. माणसं चाळीस, त्यांतली बरीच जाफराबाद, भोकरदन, देऊळगाव राजाहून अपडाऊन करणारी. मालकाला खरोखर मनापासून घरून काम द्यायचंय. असा मालक असतो का, हे आज विचारू नका.

नमुना कुठला घ्यायचा? अमेरिकेतल्या कंपन्यांची मॅन्युअलं उघडायची गरज नाही. सरळ तहसील कार्यालयात जा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे तिथे फलक लावावा लागतो: सेवा कोणती, किती दिवसांत, पदनिर्देशित अधिकारी कोण, प्रथम अपील कुणाकडे, द्वितीय अपील कुणाकडे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जी स्पष्टता राज्याने दिलीय, ती आपल्या कंपन्या पन्नास हजार पगाराच्या माणसाला देत नाहीत. दाखला वेळेत मिळतो का, हा वेगळा विषय. न मिळाल्यास दंड मात्र फलकावरच्या अधिकाऱ्याला होऊ शकतो, पाचशे ते पाच हजार रुपये.

‘सक्षम प्राधिकाऱ्या’ला दंड कसा करणार? त्याला आधी शोधावं लागेल.

तर पहिला नियम: पात्रता माणसाला द्यायची नाही, पदाला द्यायची. ‘विश्वासू’, ‘कार्यक्षम’, ‘स्वयंप्रेरित’ हे शब्द लग्नाच्या बायोडेटात शोभतात. इथे तक्ता हवा. लेखा सहायक: आठवड्यात तीन दिवस. विक्रेत्यांचे फोन घेणारे: तीन दिवस. गोदामपाल: शून्य. क्षेत्र अधिकारी: लागू नाही, कारण तो तसाही बांधावरच असतो. तक्त्यात नाही ते पद अपात्र, आणि हे वाक्य तसंच्या तसं लिहायचं. नाही तर पहिल्याच दिवशी कुणी तरी विचारतो, ‘आमचं नाव नाही म्हणजे आम्हाला बंदी तर नाही ना?’

आता प्रयोगशाळा. इथे खरी मजा आहे. बियाण्याची अंकुरण चाचणी करणाऱ्याचं काम घरून होतं का? लगेच ‘नाही’ म्हणू नका. कपाशीच्या चाचणीत रोपं मोजायचे दिवस ठरलेले, चौथा आणि बारावा. मधल्या दिवसांत अहवालच लिहायचे असतात, मग ते घरी का नाही लिहायचे?

प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारा. तो हसेल. हंगामाच्या तोंडावर रोज नवा लॉट चाचणीला लागतो. त्यामुळे रोजचा दिवस कुठल्या ना कुठल्या लॉटचा चौथा किंवा बारावा असतोच. टेबलावर बसून ‘कामाचं स्वरूप’ ठरवणाऱ्याला हे कसं कळणार? म्हणून प्रयोगशाळा सहायक या पदासमोर लिहायचं: मार्च ते जुलै शून्य, इतर महिन्यांत आठवड्यात एक दिवस. महिने कंपनीच्या लॉटच्या नोंदवहीतून काढायचे, मनातून नाही.

स्वरूप असं ठरतं. वही उघडून.

दुसरी अट, नोकरीचा काळ. ‘पुरेसा अनुभव असलेले’ असं लिहिलंत तर गेलात. ‘परिवीक्षा काळ पूर्ण केलेले’ लिहिलंत तरी अर्धेच वाचलात. समजा, एकीचा परिवीक्षा काळ १४ तारखेला संपतोय. तिने १२ तारखेला अर्ज दिला, निर्णय १६ला होणार. ती पात्र की अपात्र? दोन्ही बाजूंनी भांडता येतं आणि दोघंही बरोबर. उपाय पाच शब्दांचा: ‘पात्रता अर्जाच्या तारखेला मोजली जाईल.’ ती अपात्र. १५ला पुन्हा अर्ज करेल. वाईट वाटेल, पण संशय येणार नाही.

‘पद’ म्हणजे नेमणूकपत्रातलं की प्रत्यक्ष कामाचं? हाही वाद आधीच मिटवा. आपल्याकडे लेखा सहायक म्हणून लागलेला माणूस दोन वर्षं गोदामात पोती मोजत असतो आणि शिपाई जीएसटीची विवरणपत्रं भरत असतो. लिहा: ‘पद म्हणजे अर्जाच्या तारखेला कर्मचारी ज्या विभागाच्या हजेरीपत्रकावर, ज्या कामासाठी आहे ते.’ यामुळे हजेरीपत्रक सुधारावं लागेल. लागू दे.

मग येतो ‘घरी अखंडित वीज व उत्तम इंटरनेट असणे आवश्यक’. जाफराबादेत अखंडित वीज? ही अट शब्दशः पाळली तर तालुक्यात एकही जण पात्र नाही. आणि शब्दशः पाळायची नसेल, तर कुणासाठी वाकवायची, हे पुन्हा ओळखीवर. त्यापेक्षा दाखवता येईल असं मागा: घरी इन्व्हर्टर आहे, दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट आहे, दोन्हींची बिलं अर्जाला जोडलीत. बिल आहे किंवा नाही. ‘उत्तम’ मोजायला कुणी जाफराबादला येणार नाहीये.

एखाद्या दिवशी लाइट चार तास गेली तर काय करायचं, हे मात्र या नोटिशीत घालू नका. ते वागण्याचे नियम, वेगळ्या कागदावर. पात्रतेच्या नोटिशीत शिस्त मिसळली की डीपी जळाला म्हणून माणूस अपात्र ठरतो.

एवढं झालं की कोण पात्र ते ठरलं. पण पात्र आणि मंजूर एकच नव्हे, हे स्वच्छ सांगा. आणि मधलं अंतर मोजून दाखवा.

लेखा विभागात सहा जण आहेत. रोज निदान तिघे कार्यालयात हवेत, कारण व्यापारी धनादेश घेऊन दारात उभा असतो. म्हणजे एका दिवशी तिघांनाच घरून काम मिळेल. सोमवार सगळ्यांनाच हवा आणि अर्ज आले पाच. आता? ‘विभागाच्या सोयीनुसार’ लिहिलं की विभागप्रमुखाच्या भाच्याची सोय झालीच. म्हणून क्रम लिहा: ‘ज्याचा अर्ज आधी नोंदला, त्याला तो वार आधी. उरलेले प्रतीक्षायादीत. तीन महिन्यांनी वाटप पुन्हा होईल आणि तेव्हा प्रतीक्षायादीतल्यांपासून सुरुवात होईल.’ रेशनच्या रांगेत जे शहाणपण आहे, ते ऑफिसात चालायला काय हरकत?

गर्भवती, दिव्यांग, बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या बायका यांना रांगेत पुढे घ्यायचंय? जरूर घ्या. पण ‘प्राधान्य देण्यात येईल’ एवढ्यावर थांबू नका. रांगेत पहिल्या, की तिघांच्या मर्यादेबाहेर? किती महिने? रजा संपल्यापासून मोजायचे की बाळाच्या जन्मापासून? आकडा नसलेलं प्राधान्य म्हणजे शुभेच्छा.

आणि आता ती खुर्ची. ‘निर्णय विभागप्रमुख घेतील. विभागप्रमुख सलग दोन कामाचे दिवस गैरहजर असतील, तर प्रशासन अधिकारी घेतील. मनुष्यबळ विभाग फक्त अर्जाची नोंद ठेवील.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. कोण ठरवणार हे लिहून भागत नाही. कोण ठरवणार नाही, तेही लिहावं लागतं. नाही तर विभागप्रमुख म्हणतो, ‘माझी हरकत नाही, पण एचआरला विचार.’ एचआर म्हणतं, ‘आमची हरकत नाही, पण साहेबांचा मेल आणा.’ कुणाचीच हरकत नसते. अर्ज मात्र दिवाळीपर्यंत तिथेच असतो.

म्हणून मुदत. पाच कामाचे दिवस. ‘कामाचे’ लिहिलं नाही तर शनिवार-रविवारवर चर्चासत्र होतं. आणि पाच दिवसांत उत्तर आलंच नाही तर? दोनच उत्तरं शक्य आहेत: मंजूर समजा किंवा नामंजूर समजा. कोणतंही निवडा, पण निवडा. मला विचाराल तर मंजूर. कारण ‘नामंजूर समजा’ लिहिलं की साहेबांनी फक्त गप्प बसायचं. त्यात आपले साहेब तरबेज आहेत.

नकार लेखी, आणि कारणं तीनच: पद तक्त्यात नाही किंवा त्यासमोर दिवस नाहीत, नोकरीची किंवा साधनांची अट पूर्ण नाही, त्या वाराची मर्यादा भरली. चौथं कारण चालणार नाही, हेही लिहा. यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ घातलंत तर वरची सगळी मेहनत त्या एका शब्दातून वाहून जाईल. अपील सात दिवसांत, व्यवस्थापकांकडे. त्यांचा निर्णय अंतिम.

दिलेली परवानगी काढून घ्यायची असेल तरी तीच खुर्ची, लेखी कारण आणि पंधरा दिवसांची आगाऊ सूचना. फोनवर ‘उद्यापासून ये’ म्हणायचं नाही. जाफराबादहून जालन्याला रोज जायचं तर म्हशीच्या धारेपासून पोरांच्या शाळेपर्यंत घर नव्याने मांडावं लागतं.

आणि वर तारीख घाला. ‘ही सूचना १ ऑगस्टपासून लागू. यापूर्वीच्या सर्व सूचना, ईमेल व तोंडी परवानग्या त्या दिवशी संपतील.’ तोंडी हा शब्द विसरू नका. ‘मला मोठ्या साहेबांनी करोनातच सांगितलंय’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक ऑफिसात जिवंत आहे.

चिकटवण्याआधी एक चाचणी. नोटीस तिघांना द्या: एक लेखा विभागातला, एक गोदामातला, एक कालच लागलेला. सोबत पाच प्रकरणं द्या. १४ तारखेची परिवीक्षावाली. पोती मोजणारा लेखा सहायक. एप्रिलमध्ये अर्ज करणारा प्रयोगशाळा सहायक. सोमवारचा चौथा अर्जदार. साहेब रजेवर असताना आलेला अर्ज. प्रत्येकाने एकट्याने लिहायचं: पात्र की नाही, ठरवणार कोण, कधीपर्यंत. तिघांची उत्तरं जुळली तर नोटीस झाली. एकाचं वेगळं आलं तर त्याला समजावत बसू नका. वाक्य बदला.

सगळं झाल्यावरही एक प्रश्न गोदामवाला विचारतोच. ‘विभागप्रमुखांनाच घरून काम पाहिजे असलं तर?’

हसू नका. सरकारने हा धडा गावोगावी गिरवलाय. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मुख्यालयी राहतात की अपडाऊन करतात, हा जुना वाद. ग्रामविकास विभागाने ९ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयात तोड काढली: घरभाड्यासाठी ग्रामसभेचा ठराव आणा. ठरवणारा स्पष्ट झाला, ग्रामसभा. वा! पण ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणार कोण? ग्रामसेवक. आणि ठराव हवा कुणाला? इतरांबरोबर ग्रामसेवकालाही.

तेव्हा शेवटचं कलम: ‘कोणीही स्वतःच्या, नातेवाइकाच्या किंवा आपल्या वरिष्ठाच्या अर्जावर निर्णय घेणार नाही. असा अर्ज व्यवस्थापकांकडे जाईल.’ आणि व्यवस्थापकांचा स्वतःचा अर्ज? तो मालकांकडे. अपीलही तिथेच.

आमच्या कल्पनेतल्या मालकांनी मसुदा इथपर्यंत वाचला, मान डोलावली आणि विचारलं, ‘सगळं ठीक आहे हो. पण आवश्यकतेनुसार हा शब्द कुठे तरी घालता येईल का?’